दिवसाला एकच सुई

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या आमच्या घरात आईच्या मधुमेहाला पंचवीसएक वर्षं झाली आहेत. विसरणं सुरू झालं ते अलीकडे. दोन्ही आजार वेगवेगळे असतात तोवर घर निभावून नेतं. ते एकाच माणसात भेटले की मधुमेहाचे जुने, पाठ झालेले नियमच अंगावर येतात. वेळेवर सुई, वेळेवर जेवण, शुगर जितकी कमी तितकी चांगली, हे सगळं ज्या माणसाला आठवण आहे त्याच्यासाठी केलेलं असतं. आई, दादा-वहिनी आणि मी असे आम्ही चौघं, शिवाय दिवसा येणारी बाई. या घरात जे शिकलो ते लिहिते आहे. आकडे आईचे आहेत, ते कुणी उचलून आपल्याकडे लावू नयेत. पद्धत मात्र डॉक्टरांसमोर ठेवून विचारण्यासारखी आहे.

1. हात विसरत नाहीत, म्हणून फसायला होतं.

आई सुई उत्तम घ्यायची. बाटली तळव्यांमध्ये फिरवून दुधी करायची, सिरिंज उजेडात धरून बुडबुडा टिचकीने वर आणायची, पोटाची जागा रोज बदलायची. बघणाऱ्याला वाटायचं, यांना कुठे काय झालंय? पण वर्षानुवर्षं केलेलं हातांचं काम मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठलेलं असतं आणि स्मृतिभ्रंशात ते बरंच उशिरापर्यंत टिकतं. तासाभरापूर्वी काय घडलं याची आठवण आधी जाते. म्हणजे सुई कशी घ्यायची ते पक्कं ठाऊक, पण घेतली की नाही ते ठाऊक नाही. या जोडीइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

त्यामुळे ‘त्यांना स्वतःला टोचता येतं का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: टोचून झाल्यावर तासाभराने त्यांना विचारलं, तर बरोबर सांगतील का? ज्या दिवशी उत्तर डळमळेल, त्या दिवसापासून इन्सुलिन कुलपात. आमच्याकडे फ्रीजमधल्या साठ्याला कुलपाचा छोटा डबा आहे आणि वापरातलं पेन वहिनीच्या कपाटात असतं. आईला वाईट वाटू नये म्हणून पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवायचं काम अजून तिचंच आहे. ते ती फार मन लावून करते.

2. डबल डोस होतो तो दोन भल्या माणसांमुळे.

आमच्याकडे झाला तो असा. तेव्हा आईला प्रीमिक्स होतं, म्हणजे 30/70: तीस टक्के लवकर काम करणारं इन्सुलिन आणि सत्तर टक्के सावकाश, लांबवर चालणारं. सकाळी 20 युनिट, संध्याकाळी 14. त्या दिवशी सकाळी सातला तिने नेहमीप्रमाणे सुई घेतली. आठला बाई आली. आईने तिला अगदी काकुळतीला येऊन सांगितलं, की मला सुई कुणी दिलीच नाही. फ्रीजवर कागद चिकटवलेला होता: ‘सकाळी 20’. बाईने कागद वाचला आणि 20 युनिट दिले. नंतर कचऱ्याच्या डब्यात दोन ताजे बोळे दिसले म्हणून वहिनीने विचारलं. बाई बिचारी सरळ म्हणाली, “अम्माजी ने बोला सुई नहीं लगी, तो लगा दी.”

कागदावर डोस होता, पण तो दिला गेला का, हे कुठेच नव्हतं. घराघरात फ्रीजवर असेच कागद असतात.

वहिनीने लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं ते एवढंच: कोणतं इन्सुलिन, किती वाजता, किती युनिट, खाल्लंय का, आत्ता शुगर किती? शुगर 142 होती. आम्हाला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, 142 वर जाऊ नका, खायला द्या आणि घेऊन या. कारण प्रीमिक्समधला लवकरचा भाग दोन-चार तासांत जोरावर येतो आणि सावकाश भाग दुपारी. तशात म्हाताऱ्या मूत्रपिंडांतून इन्सुलिन उशिरा निघतं. दूध-पोळी खाऊनही अकराला शुगर 96 झाली आणि साडेबाराला 61. तोवर ती रुग्णालयात होती आणि हाताला ग्लुकोजचं सलाइन लागलेलं होतं. शुगर वर आली, सलाइन हळू केलं, तर दुपारी चारच्या सुमाराला पुन्हा 70 च्या खाली घसरली. घरी राहिलो असतो तर ‘आता बरी आहे’ म्हणून दुपारी झोपू दिलं असतं, आणि हीच दुसरी घसरण झोपेत गाठते. रात्री उशिरापर्यंत तासातासाला बोट टोचत होते. संध्याकाळचा डोस डॉक्टरांनी रद्द केला.

त्यातून पडलेला नियम: दिलं की नाही याची शंका आली, तर देऊ नका. टाइप 2 मध्ये एक डोस चुकला तर शुगर चढते, दुसऱ्या दिवशी आवरता येते. दोनदा दिलं तर जीवावर बेततं. टाइप 1 वाल्यांचं वेगळं आहे. त्यांना इन्सुलिनशिवाय फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून तिथे शंका आली की शुगर मोजून लगेच डॉक्टरांना विचारायचं.

आता आमच्याकडे वही आहे. तारीख, उठल्यावरची शुगर, युनिट, वेळ, देणाऱ्याची सही. सही सुई बाहेर काढल्यावर करायची, आधी नाही. पेनच्या कपाटाची किल्ली वहीलाच दोरीने बांधली आहे, म्हणजे पेनपर्यंत जाणारा वही उघडूनच जातो. आणि एका दिवशी एकाच माणसाने द्यायची. दादाला हे फार सरकारी वाटलं होतं. वाटू दे.

3. जेवणाच्या भरवशावर दिलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही.

प्रीमिक्स जेवणाच्या आधी घ्यायचं असतं. म्हणजे अर्ध्या तासाने हा माणूस ठरलेलं जेवण जेवेल, अशी पैज लावायची. डिमेन्शियात ही पैज रोज हरते. आई दोन घास खाऊन उठायची, वरण ताटाबाहेर सारायची, किंवा ‘माझं मघाशीच झालं’ म्हणायची. तेही खोटं नव्हे, तिला तसंच वाटायचं. काही दिवस उलटं: जेवून हात धुतले की दहा मिनिटांत ‘मला उपाशी ठेवलंय’.

आणि उपास! लष्कर भागातल्या जुन्या वाड्यातून इकडे आलो तरी आईची संकष्टी सुटली नाही. तारीख तिला आठवत नाही, पण शेजारच्या घरात गणपतीची आरती ऐकू आली की ‘आज माझी चतुर्थी’ म्हणून बसते. संध्याकाळचं इन्सुलिन सातच्या सुमाराला, आणि ही चंद्र दिसल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. चंद्रोदय नऊला, कधी त्याहून उशिरा. तेवढ्या वेळात प्रीमिक्स आपलं काम करून टाकतं.

यावर वाद घालून काही होत नाही. डॉक्टरांनी आधी एक तात्पुरता मार्ग दिला होता. ज्यांना जेवणाचं इन्सुलिन लागतंच, त्यांच्यासाठी तो अजूनही कामाचा आहे: झटपट काम करणारं ॲनालॉग इन्सुलिन जेवण झाल्यावर लगेच द्यायचं, ताट बघून. ताट संपलं तर पूर्ण, अर्धं खाल्लं तर अर्धं, घास-दोन घासांवर उठले तर द्यायचंच नाही. पण हे फक्त त्या झटपट प्रकारालाच चालतं. जुन्या रेग्युलर इन्सुलिनला किंवा 30/70 ला नाही, कारण ते उशिरा चढतं आणि जेवण पचून गेल्यावरही मागे लागून राहतं.

4. शुगर लो झाली की आई ‘जास्तच विसरायला लागली’ असं वाटतं.

पुस्तकातली लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, भूक. आईला रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर आहे, त्याने थरथर आणि धडधड झाकली जातात. ‘मला कसंतरी होतंय’ हे सांगायला शब्द सापडत नाहीत. मग दिसतं काय? दुपारी चारला अचानक चिडते, बाईला ढकलते, माझ्याकडे बघून ‘तुम्ही कोण?’ म्हणते. नाहीतर जेवताना घास तोंडात धरून नुसती बसते, आणि डोळे मिटायला लागतात. संध्याकाळी गोंधळ वाढणं हा डिमेन्शियाचा स्वभावच आहे, त्यामुळे सगळे म्हणतात, आजार वाढला. झोपेची गोळी मागायलाही लोक जातात. आमचा शिरस्ता एकच आहे: वागणं अचानक बदललं की आधी बोट टोचायचं, मग चर्चा.

70 च्या खाली असेल आणि ती नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की पोळी किंवा दूध-भात, नाहीतर पुन्हा उतरते. हिवाळ्यात आमच्या ग्वाल्हेरात घरोघरी गजक असते आणि लो झालं की पहिला हात तिकडेच जातो. पण तिळातल्या तेलामुळे तिच्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. पेढ्याचं आणि चॉकलेटचंही तेच. लो च्या वेळी साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर, गजक नंतर.

शुद्ध हरपली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरात ठेवता येईल का, हे डॉक्टरांना आणि औषधवाल्याला आधीच विचारून ठेवावं.

हे प्रकरण त्या एका दुपारीच संपत नाही. 2009 मध्ये रेचेल व्हिटमर आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून अधिक वयस्कर मधुमेहींच्या नोंदी तपासल्या होत्या. शुगर इतकी उतरली की दवाखाना गाठावा लागला, अशांमध्ये पुढे डिमेन्शिया जास्त आढळला. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण डिमेन्शियामुळे लो होतं आणि लो मुळे मेंदूला मार बसतो, हे चक्र घरात बसून दिसतं.

5. साडेसहाच्या HbA1c ला शाबासकी द्यायची नाही.

आईचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, HbA1c, 6.6 होता. रिपोर्ट बघून नातेवाईक म्हणायचे, वा, काय कंट्रोल आहे! नव्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “दुपारी झोपाळू होतात का?” सरासरी चांगली दिसते, कारण जेवणानंतरच्या 220 मध्ये दुपारचे 60 मिसळलेले असतात.

अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शनात वृद्धांसाठी निराळे आकडे आहेत. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असेल तर HbA1c आठच्या आत पुरे. म्हणजे सरासरी शुगर साधारण 180. उठल्यावरची शुगर 90 ते 150. आजार पुढे गेला, सगळ्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागलं, तर HbA1c च्या मागे लागायचंच नाही. लो होऊ द्यायचं नाही, आणि इतकी चढू द्यायची नाही की सारखी लघवी, तहान, ग्लानी सुरू होईल. डोळे आणि मूत्रपिंडं वाचवायला कडक शुगरचा उपयोग होतो खरा, पण तो दिसायला बरीच वर्षं जावी लागतात. लो चं नुकसान त्याच दुपारी होतं. हा हिशोब कुणीतरी आम्हाला दोन वर्षं आधी मांडून दाखवायला हवा होता.

6. दोनाची एक सुई कशी झाली.

बॉस्टनच्या जोस्लिन डायबिटीज सेंटरमधल्या डॉ. मेधा मुन्शी यांनी सुया कमी करण्याच्या नेमक्या याच प्रश्नावर काम केलं आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 65 वयस्कर रुग्ण होते, दिवसात दोन किंवा जास्त सुया घेणारे आणि शुगर लो होणारे. त्यांना सकाळी एकदाच ग्लार्जिन दिलं, गरज असेल तिथे गोळ्या जोडल्या. लो चा काळ कमी झाला आणि HbA1c बिघडला नाही. आमच्या डॉक्टरांनी हाच रस्ता धरला.

ग्लार्जिन हे दिवसभर जवळपास सपाट चालणारं इन्सुलिन. त्याला प्रीमिक्ससारखा दुपारचा जोर नसतो, म्हणून एखादं जेवण हुकलं तरी ते तितकं निसरडं होत नाही. प्रीमिक्सवरून येताना दिवसाच्या एकूण युनिटच्या सत्तर टक्के धरतात. आईचे 20 आणि 14 मिळून 34, त्याचे सत्तर टक्के साधारण 24. पण ती आधीच लो होत होती, म्हणून डॉक्टरांनी 20 पासून सुरुवात केली. वेळ सकाळची, नाश्त्याबरोबर. रात्रीची नाही, कारण सकाळी माणसं जागी असतात आणि काही झालंच तर दिवसाउजेडी कळतं. ग्लिमेपिराइडची गोळीही बंद केली, कारण तीसुद्धा जेवलो की नाही हे न बघता इन्सुलिन बाहेर काढते आणि दोनदा गिळली तर सुईइतकीच फसवते. तिच्या जागी लिनाग्लिप्टिन 5 मिलिग्रॅम, एकदा. ती एकटी सहसा लो करत नाही आणि मूत्रपिंडं कमजोर असली तरी डोस बदलावा लागत नाही. मेटफॉर्मिन निम्मं केलं, कारण त्याने भूक मरत होती आणि आई वाळत चालली होती.

पुढचं काम फक्त सकाळच्या एका आकड्यावर. आठवड्यातल्या निम्म्याहून जास्त सकाळी शुगर 150 च्या वर असेल तर दोन युनिट वाढवायचे. आठवड्यात दोनहून जास्त वेळा 80 च्या खाली गेली तर दोन कमी करायचे. पहिल्या आठवड्यात आईचे आकडे 160-175 होते, म्हणून 22 झाले, आणि ते 130-145 वर येऊन बसले. पुढे पावसाळ्यात तिचं खाणं कमी झालं, सकाळी 78, 74, 79 असं दिसायला लागलं. आधी 20 केले, मग 18. बदल दर वेळी डॉक्टरांना फोटो पाठवून, मनाने नाही. दुपारच्या जेवणानंतर कधी 240 दिसतं. पूर्वी घरात धावपळ झाली असती. आता वहीत लिहितो आणि पान उलटतो. सलग 300 च्या वर गेली, किंवा ताप, उलट्या, ग्लानी असेल, तरच फोन.

सगळ्यांनाच हे जमेल असं नाही. टाइप 1 मध्ये जेवणाचं इन्सुलिन तोडता येत नाही. जेवणाचे डोस मोठे असतील तर डॉक्टर आधी निम्मे करतात, एकदम काढत नाहीत.

7. बाटलीची सिरिंज आणि पेन एकत्र ठेवू नका.

आपल्याकडे साध्या बाटलीत एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला 100 युनिट. पेन बिघडलं म्हणून कुणी लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून ‘20’ ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. पेन सुरू केलं त्याच दिवशी आम्ही जुन्या सिरिंज आणि बाटल्या घराबाहेर काढल्या.

8. उन्हाळा.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 पर्यंत जातो आणि त्यात वीज जाते. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं टाकून द्यायचं. वापरातलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ते 30 अंशांच्या आत असेल तरच. आमची त्या दिवसांची सोय म्हणजे ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं, आत कोरडा डबा, डब्यात पेन. सकाळची शुगर विनाकारण चढायला लागली तर युनिट वाढवण्याआधी नवं पेन काढून बघतो. तापलेलं इन्सुलिन निकामी झालं म्हणून डोस वाढवला आणि मग ताजं पेन लागलं, की लो ठरलेलं.

9. सुई नको म्हणाली तर.

ढकलाढकल करत नाही. अर्ध्या तासाने दुसऱ्या माणसाने जायचं, मग त्या दिवशीची सुई त्याचीच. सकाळची सुई दुपारपर्यंत लांबली तरी देतो आणि वेळ लिहितो. पूर्ण दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी ठरलेलीच द्यायची, भरपाई म्हणून जास्त नाही. डॉक्टरांनी आता बोट टोचणंही आठवड्यातून दोन-तीन सकाळींवर आणलं आहे, कारण 18 युनिटवर आकडे स्थिर आहेत आणि आईची बोटं फार दुखतात. पुढच्या भेटीत 16 करायचे का, आणि कधीतरी नुसत्या गोळीवर भागेल का, हे विचारायचं आहे. तिचं वजन आणखी उतरलंय.